खोकला गोळीचा, काढा ज्येष्ठमधाचा

गोळ्या वेळेवर घेऊनही घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब चढायला लागला, की आपण लोणच्याच्या बरणीकडे, पापडाकडे किंवा सुनेच्या हातच्या मिठाकडे बोट दाखवतो. फडताळात सुंठ-वेखंडाशेजारी ठेवलेल्या ज्येष्ठमधाकडे कुणाचं लक्ष जात नाही. या लेखात त्याच्याकडेच पाहायचं आहे, आणि तेही एका गोष्टीतून. गोष्ट रचलेली आहे. तिच्यातली आजी आणि नात कुणा एका घरातल्या नाहीत. त्या घरात गोळ्यांचं आणि काढ्याचं जे जुळत नाही, ते मात्र औषधशास्त्रात चांगलं ठाऊक असलेलं आहे. अशा घरात काय विचारायचं, कसं विचारायचं आणि पुढे काय करायचं, हे गोष्टीबरोबरच सांगतो.

आजी साताऱ्याची. वय ७४. काटक, स्वतःचं सगळं स्वतः करणारी. वैशाखात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी रामिप्रिलची २.५ मिलिग्रॅमची गोळी दिली. महिन्याभरात रक्तदाब १३०/८०च्या आसपास स्थिरावला. आषाढ लागला तसा आजीला खोकला सुरू झाला. पावसाचे दिवस, भिंतींना ओल, शेजारीपाजारी सगळेच शिंकत होते. आजी खोकते याचं नवल वाटावं असं काही नव्हतं. खोकला कोरडा होता. घशात सारखं काहीतरी खवखवतंय असं वाटायचं, ठसका लागायचा आणि रात्री आडवं झालं की जास्तच. कफ नाही, ताप नाही. एक सिरप झालं, दुसरं झालं, फरक पडेना. मग आजीने आपला काढा काढला: आलं, तुळस, गवती चहा, चार मिरे, खडीसाखर आणि चमचाभर ज्येष्ठमधाची पूड. श्रावणापासून सकाळ-संध्याकाळ एकेक कप. शिवाय दुपारी पोथी वाचताना दाढेत ज्येष्ठमधाची कांडी.

काढा घेतला की तासभर बरं वाटायचं. हे तिच्या मनाचे खेळ नव्हते. ज्येष्ठमध घशाच्या आतल्या अस्तरावर ओलसर थर धरतं आणि खवखव काही वेळ शमवतं. म्हणून तर ते घरोघरी टिकलं.

नवरात्रात पुन्हा तपासणी झाली. रक्तदाब १५८/९०. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का कधी?" आजी म्हणाली, "एक दिवस नाही." "आणखी काही औषध घेता का?" "नाही हो, काही नाही." दोन्ही उत्तरं तिच्या लेखी खरी होती. काढा म्हणजे औषध नव्हे, ते घरातलं पिणं. डॉक्टरांनी समोर दिसणाऱ्या आकड्यावर योग्य तेच केलं: रामिप्रिल ५ मिलिग्रॅम केली आणि तिच्याबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम दिली. ही लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढून रक्तदाब उतरवणारी गोळी. तिच्याबरोबर थोडं पोटॅशियमही जातं.

दिवाळीला नात आली. ती बी. फार्म. करून पुण्यात एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. तिच्या लक्षात आधी आल्या त्या चकल्या. त्या काकूने केल्या होत्या. आजी असताना सोऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचं तिला आठवत नव्हतं. विचारल्यावर आजी म्हणाली, "उभं राहवत नाही गं. मांड्यांत त्राणच नाही. रात्री पोटऱ्यांना गोळे येतात." घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा पडून राहत होता. घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजला, १६४/९२. दोन गोळ्या चालू असताना!

आता इथे नातीने जे केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. तिने औषधांचा डबा मागितला नाही आणि "तू काय काय घेतेस?" असंही विचारलं नाही. त्या प्रश्नाला डॉक्टरांना मिळालेलंच उत्तर तिलाही मिळालं असतं. ती संध्याकाळी आजीमागे स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आजी, मला पण दे गं अर्धा कप."

"तुला काय झालंय?"

"काही नाही. कसा करतेस ते तरी बघू दे."

आजीने डबे खाली घेतले. एकेक जिन्नस पडत होता तसं नात विचारत होती: हे कशासाठी, ते किती. ज्येष्ठमधाचा चमचा भरला तेव्हा तिने तो हातातून घेतला आणि काकूच्या केकच्या वजनकाट्यावर रिकामा केला. ३ ग्रॅम.

"एवढं मोजायला ते काय सोनं आहे?"

"दिवसभर गोळ्या मोजते ना, सवयच लागलीये. दोन वेळा घेतेस म्हणजे ६ ग्रॅम. आणि ती कांडी वेगळीच. कधीपासून चाललंय?"

"खोकला लागल्यापासून. श्रावण धर."

"आणि खोकला कधी लागला?"

आजीला महिना आठवत होता, दिवस नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांबरोबर आणि गॅस सिलेंडरच्या तारखांबरोबर ती औषधही लिहून ठेवते. दोघींनी कॅलेंडर खाली काढलं. मे महिन्यात 'नवी गोळी सुरू'. जुलैच्या सुरुवातीला 'खोकला सिरप'. पुन्हा पंधरा दिवसांनी 'दुसरं सिरप'. मग काही नाही, कारण काढा विकत आणायचा नसतो. ऑक्टोबरमध्ये 'बी. पी. वाढलं, गोळी मोठी'.

नातीने डबा बाजूला ठेवला आणि आधी काढ्याबद्दल चकार शब्द न काढता म्हणाली, "आजी, तुझा हा खोकला पावसाचा नाही. तुझ्या गोळीचा आहे."

माझ्या मते सगळ्या संभाषणाची किल्ली या एका वाक्यात आहे. तिने सुरुवात गोळीच्या दोषापासून केली. हे आजीला खूश करायला केलेलं नाटक नव्हतं. घटना खरोखर त्याच क्रमाने घडल्या होत्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं त्या रक्तदाबाच्या गोळ्या, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, शरीरातलं एक विकर अडवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो. पण हेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ मोडून टाकण्याचंही काम करत असतं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन श्वसनमार्गात साठतं आणि तिथल्या खोकल्याच्या नसा चाळवत राहतात. या गोळ्या घेणाऱ्या साधारण दहातल्या एकाला असा कोरडा खोकला होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. तो गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात येऊ शकतो किंवा चार-सहा महिन्यांनीही. इतक्या उशिरा आला की त्याचं नातं गोळीशी कुणी जोडत नाही. हा खोकला जंतूंचा नसतो, कफाचाही नसतो, म्हणून सिरप त्याच्यापुढे हात टेकतं. गोळी बदलली की तो बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच पावसाला शिव्या घातल्या. पण मग माझ्या काढ्याचं काय? तो तर घशालाच बरा आहे ना?"

"घशाला बराच आहे. आलं, तुळस, गवती चहा, सगळं ठेव. फक्त ज्येष्ठमधाचं जरा बोलू."

"अगं, माझ्या सासूबाई ज्येष्ठमध चघळून नव्वदीला पोचल्या."

"त्या रोज घ्यायच्या?"

"रोज कशाला? घसा बसला, कीर्तनात आवाज लागेना, की चार दिवस. बरं वाटलं की डबा पुन्हा वर."

"आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या?"

"कुठल्या गोळ्या नि काय!"

सासूबाई चार दिवस घ्यायच्या. सुनेने सलग तीन महिने घेतलं, दिवसाला दोनदा, गोळ्यांच्या जोडीला. हा फरक नातीला वेगळा समजावून सांगावा लागला नाही. आजीनेच बोटं मोजली. जुन्या घरगुती उपायांबद्दल बोलताना हा प्रश्न मला फार कामाचा वाटतो: पूर्वी हे किती दिवस घेत असत? बरेच उपाय मुळात थोड्या दिवसांचेच होते. आता दीर्घकाळाची दुखणी आली, रोजच्या गोळ्या आल्या, आणि त्यांच्या बरोबरीने चार दिवसांचे काढेही रोजचे झाले.

ज्येष्ठमधाचा दोष कुठे आहे ते थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या खबरदाऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. ज्येष्ठमध गोड लागतं ते ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्यामुळे. आतड्यात त्याचं रूपांतर होऊन ते रक्तात जातं. आपल्या मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासाठी राखलेल्या जागा असतात. अल्डोस्टेरॉन तिथे बसलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. कॉर्टिसोल नावाचं दुसरं एक संप्रेरक रक्तात कितीतरी जास्त असतं आणि त्यालाही त्या जागांवर बसता येतं. ते बसू नये म्हणून मूत्रपिंडात एक विकर दारावरच्या रखवालदारासारखं उभं असतं आणि आत शिरणाऱ्या कॉर्टिसोलला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमध या रखवालदारालाच गुंगी आणतं. मग कॉर्टिसोल मोकाट आत शिरतं आणि अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. मीठ-पाणी साठतं, पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं. पोटॅशियम घटलं की स्नायूंची ताकद जाते, पोटऱ्यांना गोळे येतात, बद्धकोष्ठ होतो, आणि फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

म्हणजे आजीच्या शरीरात काय चाललं होतं ते पाहा. रामिप्रिलने खोकला आणला. खोकल्यासाठी ज्येष्ठमध आलं. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढवला. चढलेल्या रक्तदाबासाठी रामिप्रिल दुप्पट झाली, म्हणजे खोकल्याचं मूळ कायम राहिलं, आणि वर लघवीची गोळी आली. ती गोळी पोटॅशियम घालवते, ज्येष्ठमधही पोटॅशियम घालवतं. रामिप्रिल एरवी पोटॅशियम थोडं राखून ठेवते, पण या दोघांपुढे तिचं फारसं चालत नाही. यात कुणी निष्काळजीपणा केला नाही. प्रत्येकाने आपल्याला दिसणाऱ्या तुकड्यावर उपाय केला.

हे सगळं नातीने आजीला असंच्या असं सांगितलं नाही. तिने एवढंच सांगितलं: "ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. तुझी नवी गोळी मीठ-पाणी घालवते आणि पोटॅशियमही घालवते. मीठ-पाण्यावरून दोघांची रस्सीखेच चाललीये आणि पोटॅशियमच्या बाबतीत मात्र दोघं एक झालेत. म्हणून तुझ्या मांड्यांत त्राण नाही." आणि मग नेदरलँड्समधली एक हकिकत सांगितली. १९४६ साली रेव्हर्स नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी जठरातल्या व्रणांवर ज्येष्ठमधाचा अर्क दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. व्रणांना गुण आला. पण साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज आली. ज्येष्ठमध म्हणजे निरुपद्रवी गोड काडी नव्हे, ते खरोखरीचं औषध आहे, हे आधुनिक वैद्यकाला ठळकपणे कळलं ते असं.

"म्हणजे डॉक्टर लोकही देतात म्हण की," आजी म्हणाली. तिचा चेहरा जरा खुलला.

"देतात. म्हणूनच ते मोजून द्यायचं असतं."

मोजण्याबद्दल दोन आकडे सांगतो. युरोपातल्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने नेहमी ज्येष्ठमध खाणाऱ्यांसाठी ग्लिसिऱ्हायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम ठरवली आहे. मुळातलं प्रमाण मालागणिक बदलतं. ते ३ टक्के धरलं तर आजीच्या ६ ग्रॅम पुडीत १८० मिलिग्रॅम होतं. त्यातलं काही चोथ्यात राहिलं असं मानलं तरी दुपारची कांडी ती कसर भरून काढते. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पाण्यात उतरतं. आपल्या आयुर्वेदीय औषधकोशात यष्टिमधु चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे, तेव्हा आजीची मात्रा त्या हिशेबानेही वरच जाते. आणि वैद्य ती मात्रा माणूस पाहून, ठरावीक दिवसांसाठी देतात. जर्मनीतल्या वनौषधी समितीनेही वैद्यकीय सल्ल्याशिवाय चार ते सहा आठवड्यांपलीकडे ज्येष्ठमध घेऊ नये असं म्हटलं होतं. तरुण, निरोगी, कुठलीही गोळी नसलेल्या माणसाने घसा बसल्यावर तीन-चार दिवस कांडी चघळली तर काही बिघडत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी घरातलं ज्येष्ठमध उकिरड्यावर टाकायचं.

त्या संध्याकाळी काढा झाला तो ज्येष्ठमधावाचून. आलं, तुळस, गवती चहा, खडीसाखर, आणि कोमट झाल्यावर चमचाभर मध. आजीला मधुमेह नाही, म्हणून मध चालला. चव घेऊन ती म्हणाली, "पाणचट लागतो." नातीने वाद घातला नाही, दोन मिरे जास्त टाकले. घरगुती उपाय काढून घेताना त्या जागी काहीतरी हातात द्यावं लागतं. संध्याकाळी सहा वाजता गॅसवर पातेलं ठेवायचं, हा तिच्या दिवसातला एक टप्पा होता. तो काढून घ्यायचं कारण नव्हतं.

नातीने एक गोष्ट मुद्दाम केली नाही. खोकला रामिप्रिलचा आहे हे तिला जवळजवळ नक्की माहीत होतं, तरी ती गोळी तिने थांबवली नाही. औषधनिर्माता गोळी ओळखतो, तिचं कशाशी पटत नाही ते सांगतो. पण चालू गोळी बंद करून दुसरी देणं हे ज्यांनी तपासलं त्यांचं काम. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली तर दाब उसळू शकतो. पोटॅशियम तपासायला मात्र उशीर करून चालणार नव्हतं. दिवाळीचे दिवस असले तरी तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना फोन केला. बोलणं तिने आधी कागदावर लिहून घेतलं होतं: रामिप्रिल मेमध्ये सुरू, कोरडा खोकला जुलैपासून, कफ-ताप नाही, वजन घटलेलं नाही, ऑगस्टपासून ज्येष्ठमधाची पूड रोज सुमारे ६ ग्रॅम, ऑक्टोबरमध्ये डोस वाढवला आणि लघवीची गोळी आली, आता घोट्यांना सूज, मांड्यांत अशक्तपणा, पोटऱ्यांना गोळे, घरी रक्तदाब १६४/९२. अर्ध्या मिनिटात सगळं सांगून झालं. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ज्येष्ठमध मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजच रक्त तपासा, ई. सी. जी. काढा."

पोटॅशियम ३.० आलं. ते ३.५ ते ५च्या दरम्यान असायला हवं. ई. सी. जी. सुदैवाने ठीक होता, क्रिएटिनिनही. डॉक्टरांनी ज्येष्ठमध पूर्ण बंद करायला सांगितलं, लघवीची गोळी थांबवली, रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन दिली आणि पाण्यात मिसळून घ्यायचं पोटॅशियमचं सिरप थोड्या दिवसांसाठी दिलं. टेल्मिसार्टन, लोसार्टन या 'सार्टन' गटातल्या गोळ्या तेच काम दुसऱ्या वाटेने करतात, ब्रॅडिकायनिनला हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी असा खोकला सहसा होत नाही. आठवड्याने रक्त पुन्हा तपासायचं ठरलं.

शेजारच्या मावशींनी हे ऐकलं आणि लगेच रोज दोन शहाळी आणून द्यायची तयारी दाखवली. पोटॅशियम कमी म्हणजे शहाळं, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण पोटॅशियमचं सिरप चालू आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम राखणारी. त्यात रोज दोन शहाळी म्हणजे आकडा उलट्या बाजूला, वर जाण्याची भीती. मूत्रपिंड थोडं जरी मंद असेल तर वाढलेलं पोटॅशियम घटलेल्यापेक्षाही घातक ठरतं. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही 'सार्टन' आणि 'प्रिल' घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. नातीने मावशींना चहा दिला आणि म्हणाली, "मावशी, पुढच्या तपासणीनंतर नक्की सांगते. तोवर एखादवेळी एक चालेल, रोज नको." मावशींना राग आला नाही. त्यांच्या फ्रिजमध्येही 'सार्टन'ची पट्टी होती, हे त्यांनी त्याच चहावर सांगितलं.

तुमच्या घरात असं काही चाललंय का हे पाहायचं असेल तर 'औषध' हा शब्द न वापरता विचारा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते क्रमाने विचारा: उठल्यावर काय पिता, गोळी कशाबरोबर घेता, दुपारी काय चघळता, झोपताना काय. उत्तरात काढे, चूर्णं, अर्क, मुखवास आपोआप येतात. मग डबे बघा. ज्येष्ठमध डब्यावर नेहमी त्याच नावाने नसतं. यष्टिमधु, मुलेठी अशी नावं असतात, आणि खोकल्याची अनेक आयुर्वेदिक सिरपं, घशाच्या गोळ्या, काही दंतमंजनं, पानातले मसाले यांत ते असतं. एकाच दिवशी काढा, सिरप आणि चघळायच्या गोळ्या चालू असतील तर तिन्हींची बेरीज करा. त्यातून जे निघेल ते औषधांच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

कुणी अजिबात घेऊ नये? रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्या घेणारे, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं घेणारे आणि गरोदर बायका. सगळ्यांत धोक्याची जोडी डिगॉक्सिनची. हृदयाच्या या गोळीचं विष व्हायला पोटॅशियम थोडं घटलेलंही पुरतं. बद्धकोष्ठासाठी रोज सोनामुखी घेणाऱ्यांचंही पोटॅशियम त्या वाटेने जात असतं, त्यात ज्येष्ठमधाची भर नको. स्नायू फार लुळे वाटणं, ठोके चुकल्यासारखे होणं किंवा चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

खोकल्याचंही सांगून ठेवतो. घरात कुणी 'प्रिल'ची गोळी घेतं म्हणून त्यांचा प्रत्येक खोकला गोळीवर ढकलू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला तर आपल्याकडे क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन किंवा कफात रक्त असेल तर लगेचच. आडवं झाल्यावर खोकल्याबरोबर धाप लागत असेल तर हृदय पाहायला हवं. आणि 'प्रिल' घेणाऱ्या माणसाचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर ती गोळी पुन्हा घेऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावं. त्या सुजेने श्वास कोंडू शकतो.

आजीचा खोकला तिसऱ्या आठवड्यात थांबला. पोटॅशियम ४.१वर आलं, सिरप बंद झालं. सूज त्याआधीच उतरली होती. नंतरचे पंधरा दिवस मात्र नातीने फोनवर रोज एकच चौकशी केली: आज दाब किती, आणि उठताना भोवंडल्यासारखं होतं का? ज्येष्ठमधाचा परिणाम बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी संपत नाही. तो ओसरायला एक-दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. तो ओसरत जातो तसा रक्तदाब खाली येतो, आणि ज्येष्ठमधाने चढलेल्या दाबासाठी वाढवलेल्या गोळ्या तशाच चालू राहिल्या असतील तर त्या आता जास्त होतात. म्हातारं माणूस पहाटे लघवीला उठतं, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून या काळात रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसवून आणि मग उभं केल्यावर एकदा, असा दोनदा रक्तदाब मोजावा आणि लिहून ठेवावा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल, किंवा बसूनच ११०च्या खाली जात असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीचा डोस पुन्हा ठरवून घ्या.